आठही स्वर चुकले, पण चूक एकच

पत्र: नमस्कार. मी इंदूरला असते, नोकरी सांभाळून चार वर्षं गाणं शिकतेय. मध्यमा प्रथमची परीक्षा तीन महिन्यांवर आलीय. शिकवलेलं मी नीट गाते, पण ऐकलेलं लिहिता येत नाही. परवा बाईंनी तानपुऱ्यावर आकारात एक ओळ गायली, 'प ध सां ध, प ग रे सा'. मी लिहिलं, 'सा रे म रे, सा ध़ प़ म़'. आठपैकी एकही बरोबर नाही! पेटीवर वाजवलं तर निम्मे तरी ओळखते, गळ्यातून आलं की गोंधळ. वहीतली न शिकलेली सरगम पेटीशिवाय गाता येत नाही. गंमत म्हणजे मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोन स्वरांमधलं अंतर ओळखायला मला दहापैकी आठ वेळा जमतं. मग अडतंय कुठे?
– एक वाचक, इंदूर

ताई, दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून बघा. बाईंचा पहिला स्वर प, तुमचा सा. त्यांचा दुसरा ध, तुमचा रे. त्यांचा सां, तुमचा म. ओळ कुठे वर चढली, कुठे खाली आली, कुठे एक स्वर गाळून उडी पडली, हे सगळं तुमच्याकडे तंतोतंत उतरलंय. स्वरांमधली अंतरं सातही ठिकाणी बरोबर आहेत. चुकली ती फक्त पहिल्या स्वराची ओळख. प ला तुम्ही सा धरलंत आणि पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलंत. ॲपमध्ये तुम्हाला चांगले गुण का पडतात, त्याचं उत्तरही इथेच आहे. ॲप फक्त अंतर विचारतं, आणि अंतर तुम्हाला कळतं. त्या अंतराची सुरुवात सप्तकात कुठल्या पायरीवरून झाली, हे ते विचारत नाही.

आपल्याकडे घोटाळा होतो तो नेमका इथेच. सा–म हे अंतर घ्या. तेवढंच अंतर रे–प मध्ये आहे, ग–ध मध्ये आहे, प–सां मध्येही आहे. निव्वळ अंतर ऐकून यातली कुठली जोडी हे कोणीच सांगू शकणार नाही, उस्तादही नाही. त्यासाठी सा कानात असावा लागतो. तुम्ही लिहिलेली ओळ वाचून बघा, तिच्यात सगळे स्वर दुर्गा रागाचे आहेत, आणि बाईंच्या ओळीत भूपालीचे. भूपालीच्या पंचमाला सा मानलं की त्याच पाच स्वरांतून दुर्गा निघतो, आणि गंधाराला सा मानलं की मालकंस. मूर्च्छना म्हणून हे वहीत तुम्ही वाचलं असेल. तुमच्या कानाने तीच नकळत केली.

आता कान प वरच का घसरला, म वर किंवा ध वर का नाही? कारण तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची असते. बाईंनी प लावला तेव्हा तो त्या तारेत पूर्ण मिसळला. मिसळणारा स्वर म्हणजे सा, अशी सवय बहुतेक शिकणाऱ्यांना पहिल्या वर्षापासून लागलेली असते. प्रत्यक्षात तानपुऱ्यात सा आणि प दोन्ही मिसळतात, आणि चांगली जवारी असेल तर खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधारही ऐकू येतो. त्यामुळे ‘मिसळला’ एवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही.

पहिले पंधरा दिवस एवढंच काम करा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा ॲप तुमच्या पट्टीत लावा, बायकांची पट्टी साधारण पांढरी पाच ते काळी पाच या टापूत असते. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही आणि उरतो तो वरचा झंकार, म्हणून इयरफोन किंवा छोटा वेगळा स्पीकर घ्या. सा लावा, दोन श्वास टिकवा, मग तानपुरा बंद करा. आता 'प ध सां ध प' हे पाच स्वर आकारात दोनदा गा, प वर थांबा, तीन-चार सेकंद गप्प राहा आणि मग सा लावा. तो लावून झाल्यावर तानपुरा चालू करा. सा जुळला तर कानातला सा जागेवर होता. तुम्ही सा म्हणून प च लावून बसलात, किंवा सा शोधायला दोन-तीन सूर चाचपावे लागले, तर तो वाहून गेला होता. हेच ध वर थांबून करा, म वर थांबून करा, तार सप्तकातल्या रे वर थांबून करा. सर्वांत जास्त ओढ प आणि म वरून होते. म वरून होते कारण म पासून तार सा बरोबर पंचमाच्या अंतरावर येतो, आणि म स्वतःच सा असल्यासारखा वागू लागतो. रोज पाच मिनिटं पुरेत. दहापैकी आठ वेळा सा जागेवर सापडला की पुढे जा, त्याआधी ओळी लिहायला घेऊ नका.

या दिवसांत एक युक्ती उपयोगी पडेल. तानपुऱ्याच्या पहिल्या तारेवर पंचमाऐवजी निषाद लावून बघा, जसा मारवा किंवा पूरियाला लावतात. मग पंचमाला मिसळायला तार उरत नाही आणि निषाद सतत सा कडे ओढत राहतो, त्यामुळे सा अगदी उठून दिसतो. आठवडाभरानंतर पुन्हा पंचमावर या. कायम निषादावर राहिलात तर परीक्षेत पंचमाचा तानपुरा पुन्हा फसवेल.

सा स्थिर झाला की सुटे स्वर. स्वर ओळखायचा म्हणजे तो कुठे जाऊ पाहतोय ते ऐकायचं. सा आणि प निवांत बसतात. शुद्ध नी वर सां कडे ढकलतो, रे सा कडे उतरू बघतो, ध प वर टेकायला जातो, म ला खालचा ग जवळ वाटतो. कोमल-तीव्रात सर्वांत जास्त फसवणारी जोडी म्हणजे तीव्र म आणि कोमल ध. दोघेही प ला अर्ध्या स्वराने चिकटलेले, दोघेही तितकेच कडक. फरक दिशेचा आहे, म्हणून ऐकलेला स्वर गुणगुणा आणि प वर सरका. वर जावं लागलं तर तीव्र म, खाली यावं लागलं तर कोमल ध. हे दोन सेकंदांत होतं, आणि अंदाजापेक्षा कितीतरी खात्रीचं आहे.

सुरुवातीला शंका आली की त्या स्वरावरून पायरी पायरीने सा पर्यंत उतरायचं आणि पायऱ्या मोजायच्या. ध ऐकला तर ध प म ग रे सा. हळूहळू हे उतरणं मनात होईल, मग लांबच्या सा ऐवजी जवळच्या प पर्यंतच उतराल, आणि पुढे तेही लागणार नाही. सरावासाठी कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्वर लिहून डब्यात टाका. पहिल्यांदा फक्त सा, प, सां आणि ग. दहापैकी आठ जमले की रे आणि ध, मग म आणि नी, त्यानंतर कोमल-तीव्र एकेक जोडीने. चिठ्ठी काढायची, स्वर तानपुऱ्यावर लावायचा आणि तो लावल्यानंतरच पेटीला हात लावून तपासायचं. ओळखण्याचा सरावही एकटीने होतो. आज मोबाइलवर आकारात वीस स्वर वेडेवाकडे गाऊन, प्रत्येकानंतर पाच सेकंद जागा सोडून मुद्रित करा, उत्तरं वेगळ्या कागदावर लिहा आणि तीन दिवसांनी ऐका. तोवर क्रम विसरलेला असतो.

इथे तुमचा पेटी आणि गळा यांमधला प्रश्नही सुटतो. पेटीचा स्वर पट्टी दाबताच जागेवर येतो, गळ्याचा स्वर घसरत येतो, आधी कण घेतो, मध्ये मींड असते. लिहिताना शिकाऊ मंडळी वाटेतला स्वरही टिपतात. भूपालीत सां वरून ध वर मींडेने आलं की बहुतेकजण 'सां नी ध' लिहितात, कारण आवाज नी ला स्पर्शून गेलेला असतो. पण भूपालीत नी नाही. जिथे आवाज टेकला तो स्वर लिहायचा, जिथून गेला तो नाही. शंका आली तर मुद्रण अर्ध्या वेगाने ऐका, टेकलेला स्वर लांबतो आणि वाटेतला स्वर रेघेसारखा वाहत राहतो. आणखी एक बारीकसा फरक आहे. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो, एका अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. पेटीवर तयार झालेल्या कानाला म्हणूनच गवयाचा गंधार किंचित उतरलेला वाटतो. तो बेसूर नाही, पेटीच चढी आहे.

आता तीच ओळ घेऊ आणि ती कशी लिहायला हवी होती ते बघू. बाई ओळ गाण्याआधी सा देतात. तो मनात नाही, ओठ मिटून प्रत्यक्ष गुणगुणायचा. ओळ साधारणपणे तीनदा ऐकायला मिळते असं धरू.

पहिल्या वेळी पेन खाली ठेवा. हाताने मात्रा मोजा आणि ओळ कुठे थांबली ते ऐका. इथे आठ मात्रा आहेत, चार-चारचे दोन तुकडे, दुसरा तुकडा सलग उतरत गेला आणि शेवट शांत झाला. ओळ संपताक्षणी शेवटचा स्वर गुणगुणा आणि त्याच्या शेजारी सुरुवातीला धरलेला सा लावून बघा. दोन्ही एकच निघतात. म्हणजे आठव्या मात्रेवर सा. तुम्ही जर ही एवढीच कसोटी लावली असतीत, तर मंद्र म वर येऊन थांबलेली तुमची ओळ तिथेच संशयास्पद ठरली असती. भूपालीसारखी साधी ओळ मंद्र मध्यमावर विसावणं अवघड आहे. शेवट विचित्र स्वरावर आला की आधी शेवट तपासायचा, मधले स्वर नंतर.

दुसऱ्या वेळी पहिला स्वर. तो तानपुऱ्यात मिसळतोय, म्हणून सा किंवा प. त्यावरून उतरून बघा. लगेच जागा सापडली, उतरायला काहीच नाही, तर सा. प म ग रे सा अशा पायऱ्या उतराव्या लागल्या, तर प. इथे उतरावं लागतं. मग सर्वांत उंच स्वर, तिसऱ्या मात्रेवर. तो शेवटच्या सा सारखाच वाटतो, फक्त सप्तक वरचं, म्हणून सां. कागदावर आठ रिकाम्या आडव्या रेघा काढल्या असतील तर आता तीन भरल्या: पहिली, तिसरी, आठवी. चौथी मात्रा दुसरीसारखी आणि पाचवी पहिलीसारखी, हे कानाला ऐकताच कळतं, कारण वाक्य आरशात बघितल्यासारखं परत येतंय. म्हणजे शेवटचा उतार सोडला तर एकच स्वर शोधायचा उरला, प आणि सां च्या मधला.

तो ध की नी? नी असता तर सां अगदी चिकटून आला असता, अर्ध्या स्वराने. इथे सां पर्यंत स्पष्ट मोकळी जागा राहते आणि स्वर प वरून जेमतेम एक पाऊल वर आहे, म्हणून ध. कोमल ध असता तर तो प ला कडक चिकटला असता. तिसऱ्या वेळी उतरता भाग. प वरून पुढचा स्वर एक पायरी गाळून येतो, त्यानंतर दोन पायऱ्या सरळ उतरून सा येतो. सा कडून उलटं मोजा: सा, रे, ग. प आणि ग मधला म गाळला गेलाय. आठ रेघा भरल्या.

हे शिस्तीने केलं की मध्ये एखादा स्वर चुकला तरी पुढची ओळ कोसळत नाही, कारण प्रत्येक खांब सा शी स्वतंत्रपणे बांधलेला आहे. पहिल्या स्वरापासून एकेक अंतर जोडत गेलात तर एक चूक शेवटपर्यंत वाहत जाते, तुमच्या वहीत झालं तसं. अंतरांचा कान टाकाऊ नाही, दोन खांबांमधली जागा भरायला तोच लागतो. पण गाण्यांच्या पहिल्या दोन स्वरांवरून अंतरं पाठ करण्याची जी पद्धत ॲपमध्ये असते, तिचा या परीक्षेला फारसा उपयोग होत नाही. त्या गाण्यांची सुरुवात ठरावीक स्वरावरून असते, आणि तेच अंतर रे–प मध्ये आलं की ओळखीचं वाटत नाही.

रोज तीन ओळी पुरेत, सुरुवातीला चार स्वरांच्या, सा पासून सुरू होणाऱ्या, मग सहा, मग आठ. पुढच्या टप्प्यात मुद्दाम सा वर सुरू न होणाऱ्या घ्या, आणि सर्वांत शेवटी सा वर न संपणाऱ्या. घरात कोणी गाणारं नसेल तर क्लासमध्ये बाईंना दर आठवड्याला दहा ओळी आकारात मुद्रित करून द्यायला सांगा.

लिपी वाचून गाताना पेटी सोबत वाजली की तुम्ही गात नाही, तुम्ही पेटीच्या मागे चालता. आवाज पेटीच्या स्वराला किंचित उशिरा जाऊन चिकटतो, आणि पुढचा स्वर कुठे आहे हे कानाला आधी ठरवावंच लागत नाही. म्हणून पेटी आधी नाही, नंतर. नवी ओळ आली की प्रथम एकाच सुरात, हाताने ताल देत, फक्त स्वरांची नावं वाचा. यातच निम्म्या चुका कळतात, कारण बऱ्याचदा स्वर येत असतो पण मात्रा हुकलेली असते. मग पेन्सिलने उड्यांवर खूण करा, जिथे शेजारचा स्वर नाही तिथे. मग मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, प्रत्येक मात्रेला एक स्वर, फक्त तानपुऱ्यावर गा. चुकलात तरी थांबायचं नाही, समेवर यायचंच. शेवटी पेटीवर फक्त खुणा केलेले आणि थांबण्याचे स्वर तपासा, सगळी ओळ नको.

उडी अडली तर मधला स्वर मनात गा. ग वरून ध घ्यायचा असेल तर तोंडाने ग, मनात प, तोंडाने ध. चार-पाच वेळा असं केलं की मनातला प गळून पडतो. पण उड्या खऱ्या अर्थाने सोप्या होतात त्या मेरुखंडाने. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीमुळे इंदूरला हे नाव नवं नाही, पण त्याची पहिली पायरी अगदी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे. तीन स्वर घ्या, त्यांचे सहा क्रम होतात: सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. हे कागदावर लिहून, पेटीशिवाय, तानपुऱ्यावर गा. मग रे ग प, मग ग प ध. अलंकार आणि पलटे पाठ असल्यामुळे ते गळा गातो, कान झोपलेला चालतो. मेरुखंडात पुढचा स्वर सवयीने येत नाही, शोधावाच लागतो. चार स्वर घेतले तर चोवीस क्रम होतात, तेवढ्याला घाई करू नका, तीन स्वरांचे सहा एका दमात न अडखळता आले की मगच.

वाचनासाठी नवं साहित्य कमी पडतं ही नेहमीची अडचण. पाठ असलेली बंदिश वाचून काही उपयोग नाही, ती आठवणीतून गायली जाते. वहीतली कुठलीही सरगम उजवीकडून डावीकडे वाचा. राग बिघडेल, वाक्यं विचित्र होतील, आणि तेच हवंय, कारण आता अंदाजाने पुढे जाता येत नाही. कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र म वरची उभी रेघ आणि सप्तकांचे वर-खालचे बिंदू मात्र आधी नीट बघून घ्या. वाचनातल्या मोठ्या चुका बिंदू न दिसल्याने होतात.

वेळ रोज वीस मिनिटं ठेवा: पाच मिनिटं सा टिकवणं आणि चिठ्ठ्या, दहा मिनिटं ऐकून लिहिणं, पाच मिनिटं वाचून गाणं. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा हे बरं, कारण अर्ध्या तासाने कान थकतो आणि थकलेला कान सगळंच प म्हणतो.

परीक्षेत स्वर ऐकण्याआधी सा नीट ऐकायला मिळाला नसेल तर पुन्हा मागा, त्यात संकोच नको. आकारात एक स्वर आला की उत्तर लगेच देऊ नका. तो गुणगुणा, सा वर उतरून बघा, मग नाव सांगा. परीक्षक ‘पुढचा’ म्हणाले आणि उत्तर अजून ठरलं नसेल, तर सा आणि प यांपैकी कुठल्या बाजूला आहे तेवढं धरून सांगा. आणि सलग दोन उत्तरं अडखळली की तिसऱ्याआधी पुन्हा एकदा सा गुणगुणून घ्या, बहुतेक वेळा तोच हललेला असतो.